पगार, व्याज, उचल: भागीदारीतल्या नफ्याची वाटणी

नंदुरबारच्या मिरची व्यापारात अशी जोडी सहज जमते: एकाचे पैसे जास्त, दुसरा दिवसभर पथारीवर. वर्षअखेरीला मात्र दोघांचा हिशेब जुळत नाही.

पैसे घालणाऱ्याला व्याज आणि राबणाऱ्याला पगार मिळणारच, हा सगळ्यांत पक्का गैरसमज. 1932 च्या भागीदारी कायद्याचे कलम 13 वेगळे सांगते. तसे ठरलेले नसेल तर भांडवलावर व्याज नाही, कामाचा मोबदला नाही आणि नफा सारखा वाटायचा. तोंडी ठरवलेलेही चालते, पण वाद झाल्यावर ते सिद्ध करणे कठीण. म्हणून करारनाम्यात दर आकड्यात लिहा.

समजा, थोरल्या भागीदाराचे भांडवल 8 लाख, धाकट्याचे 4 लाख. करारात व्याज 10 टक्के, धाकट्याला महिना 8,000 पगार, उचलीवर 12 टक्के व्याज आणि उरलेला नफा निम्मा-निम्मा. निव्वळ नफा 3,12,100 रुपये.

थोरला दर महिन्याच्या सुरुवातीला 5,000 उचलतो. वर्षाच्या 60,000 वर 12 टक्के म्हणजे 7,200, असे लावून मोकळे होणे चूक. पहिली उचल 12 महिने बाहेर राहते, शेवटची एकच महिना. सरासरी साडेसहा महिने, म्हणून व्याज 3,900. महिनाअखेरीला उचलले असते तर सरासरी साडेपाच महिने आणि व्याज 3,300. त्यामुळे वहीत उचलीची तारीख हवीच.

हे 3,900 नफ्यात मिळवले की 3,16,000 होतात. त्यातून व्याजाचे 80,000 आणि 40,000, पगाराचे 96,000 वजा केले की उरतो 1 लाख, प्रत्येकी 50,000. थोरल्याच्या खात्यावर निव्वळ 1,26,100 पडतात, धाकट्याच्या 1,86,000. बेरीज पुन्हा 3,12,100.

ही बेरीजच दुसरा गैरसमज दूर करते. पगार आणि व्याज हा नोकराच्या पगारासारखा खर्च धरून नफा-तोटा खात्यात टाकायचा नसतो. ती नफ्याची वाटणी आहे, म्हणून ती पुढच्या नफा-तोटा विनियोग खात्यात जाते. करार नसता, तर दोघांना 1,56,050 मिळाले असते.

भाव पडला आणि वाटायला 1,08,000 च उरले, तर? हक्क 2,16,000 चा, रक्कम निम्मी. अशा वेळी हिशेबाच्या रीतीप्रमाणे व्याज आणि पगार दोन्ही निम्मे द्यायचे: थोरल्याला 40,000, धाकट्याला 68,000. तोटा झाला तर भांडवलावरचे व्याज द्यायचेच नाही, कारण कायद्याने ते नफ्यातूनच देय आहे.

भागीदाराने भांडवलाखेरीज फर्मला दिलेले कर्ज मात्र वेगळे. दर ठरलेला नसला तरी त्यावर वर्षाला 6 टक्के व्याज लागते आणि तोटा असला तरी ते खर्च म्हणून आधी टाकावे लागते. म्हणून दिलेले पैसे भांडवल की कर्ज, हे देतानाच लिहून ठेवा.