‘हाय मॅडम’पासून पहिल्या मेलपर्यंत

‘हाय मॅडम, लेबलचं काम आहे कळलं. करून देईन, रेट बोलू. सॅम्पल पाठवू का?’ मसाले विकणाऱ्या नव्या ग्राहकाला एखाद्या डिझायनरने एवढंच लिहिलं, तर हा कोण, याला कुणी सांगितलं आणि आता पुढे काय, हे तिला कळत नाही.

मेलमध्ये हाच मजकूर नीट लागतो. विषयाच्या ओळीत ‘मसाल्याच्या पाकिटांची लेबले : डिझाइनबाबत’. खाली :

‘नमस्कार, मी पुण्यात लेबल-डिझाइनचे काम करतो. आपल्याला पाच मसाल्यांसाठी लेबले हवी असल्याचे आपल्या छपाईवाल्यांकडून समजले. आधीच्या कामाचे तीन नमुने जोडले आहेत. पाकिटांची मापे कळवल्यास दोन दिवसांत दरपत्रक पाठवतो.’ शेवटी पूर्ण नाव आणि फोन नंबर.

दर मुद्दाम टाळला आहे. मापं कळण्याआधी दिलेला आकडा नंतर बदलावा लागतो. ‘पाठवू का?’ हा प्रश्नही गेला, कारण त्याने उत्तर-प्रत्युत्तराची एक फेरी वाढते.

नमुने जड असतील तर मात्र जपावं लागतं. जीमेलमध्ये २५ एमबीपर्यंतच फाइल जोडता येतात. त्यापुढे ड्राइव्हची लिंक जाते. ती सर्वांसाठी खुली केलेली नसेल, तर ग्राहकाला नमुन्याऐवजी परवानगी मागणारं पान दिसू शकतं. पाठवण्याआधी ती इनकॉग्निटो विंडोत उघडून पाहिली की हे लगेच कळतं.