स्वतःच्या गाडीवर पहिले धडे

सोसायटीत नवी गाडी येते आणि चार महिने कव्हरखालीच राहते. मग घरी येऊन त्याच गाडीवर शिकवणारा प्रशिक्षक शोधला जातो.

फरक पायाशी आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतात. घरच्या गाडीत नसतात. त्याच्या हाताशी उरतो तो फक्त हँडब्रेक. म्हणून पहिले तीन-चार दिवस मोकळ्या मैदानातच घालवावेत: ॲक्सिलरेटरला न शिवता क्लच हळूहळू सोडायचा, गाडी थरथरली की पाय तिथेच धरायचा. पार्किंग ब्रेक बटणाचा असेल, तर तो चालत्या गाडीत कसा लागतो हे आधीच पाहून घ्यावे.

त्याआधी शिकाऊ परवाना हवा. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतरच देता येते. शेजारी परवानाधारक शिकवणारा आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ सक्तीचा.

पॅकेज घेताना दिवस नव्हे, तास मोजावेत. ड्रायव्हिंग स्कूलसाठी नियम किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास सांगतो. रोज अर्धा तास धरला, तर पंधरा दिवसांत साडेसातच तास होतात. चढावरची सुरुवात आणि रिव्हर्स पार्किंग नेमके त्या उरलेल्या अडीच तासांत राहून जाते.