जुना रकाना पुसला जातो तेव्हा

डिसेंबर २००९मध्ये ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीचा डेटाबेस एका हल्लेखोराच्या हाती लागला. त्यातल्या वापरकर्त्यांच्या तक्त्यात ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड लोकांनी टाइप केले तसेच, उघड्या अक्षरांत ठेवलेले होते. फोडण्यासारखे काही उरलेच नव्हते, नुसते वाचायचे होते. जवळपास २ लाख ९० हजार लोकांनी `123456` हाच पासवर्ड ठेवल्याचे त्या यादीतून जगाला कळले. `rockyou.txt` नावाने ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांची पहिली शिदोरी आहे.

असा उघडा साठा करणाऱ्या संकेतस्थळाची एक खूण सामान्य माणसालाही ओळखता येते. ‘पासवर्ड विसरलात?’वर क्लिक केल्यावर तुमचाच जुना पासवर्ड ईमेलने परत आला, तर समजावे की तो तिथे वाचता येईल अशा स्वरूपात पडून आहे. नीट बांधलेल्या यंत्रणेला तो सांगताच येत नाही, कारण तिच्याकडे तो नसतो. असतो तो त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवर ठरलेली गणिती प्रक्रिया करून मिळालेली एक ठरावीक लांबीची ओळ. जात्यातून पडलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसा हॅशवरून पासवर्ड उलगडत नाही. लॉगिनच्या वेळी आलेल्या पासवर्डवर तीच प्रक्रिया पुन्हा करायची आणि दोन ओळी जुळतात का, एवढेच पाहायचे.

उलटे जाता येत नसले तरी अंदाज करून पाहता येतो. `rockyou.txt`मधला एकेक शब्द घ्यायचा, त्याचा हॅश काढायचा आणि चोरलेल्या यादीशी ताडून पाहायचा. एमडी५सारख्या जुन्या पद्धती मुळात वेगासाठीच बनवलेल्या. ग्राफिक कार्ड लावलेला संगणक त्यात सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतो. म्हणून नील्स प्रोव्हॉस आणि डेव्हिड मॅझिएरेस यांनी १९९९मध्ये ‘बीक्रिप्ट’ मांडली ती मुद्दाम मंद. तिच्या प्रत्येक हॅशची सुरुवात `$2y$12$` अशी काहीतरी असते. `2y` ही पद्धतीची खूण, १२ हा कष्टांक. तो एकाने वाढवला की काम दुप्पट होते. पुढची २२ अक्षरे म्हणजे सॉल्ट, प्रत्येक पासवर्डसाठी वेगळा घेतलेला यादृच्छिक मजकूर. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे निघतात आणि हल्लेखोराला प्रत्येकासाठी नव्याने घाम गाळावा लागतो. शेवटची ३१ अक्षरे हा खरा हॅश. एकूण ६०. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने २०१५च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत जिंकलेली ‘आर्गॉन२’ वापरावी, पण बीक्रिप्टही नीट वापरली तर चालते.

खरी कसोटी लागते ती चालू संकेतस्थळाची. समजा, एका संस्थेचे ४० हजार सभासद आहेत, मायएसक्यूएल डेटाबेस आणि पीएचपीत लिहिलेला जुना प्रोग्राम आहे, आणि `users` तक्त्यातल्या `password` रकान्यात सगळे उघडे आहे. अनेकांना वाटते की सभासद एकेक करून लॉगिन करेल तसतसा त्याचा हॅश बनवावा. जुने पासवर्ड एमडी५मध्ये असते तर त्याला अर्थ होता. इथे मूळ पासवर्ड समोरच आहे, मग थांबायचे कशाला? दोन वर्षे न फिरकलेल्या सभासदाचा पासवर्डही आजच झाकता येतो.

आधी नवा रकाना जोडायचा.

```sql
ALTER TABLE users ADD password_hash VARCHAR(255) NULL;
```

जागेची कंजुषी इथे महागात पडते. रकाना ५० अक्षरांचा ठेवला आणि डेटाबेस कडक पद्धतीत नसला, तर तो ६० अक्षरांचा हॅश गुपचूप कापतो आणि कोणीच आत येऊ शकत नाही. मग प्रोग्राम बदलायचा: नवी नोंदणी आणि पासवर्डबदल फक्त नव्या रकान्यात लिहायचे. लॉगिनला हॅश असेल तर `password_verify()`ने तपासायचे, नसेल तरच जुना रकाना पाहायचा. त्यानंतर रात्री, थोड्या थोड्या ओळी घेत, `password_hash()`ने सगळ्यांचे हॅश काढायचे आणि असे लिहायचे:

```sql
UPDATE users SET password_hash = ?
WHERE id = ? AND password_hash IS NULL;
```

शेवटची अट महत्त्वाची. काम चालू असताना एखाद्याने पासवर्ड बदलला, तर त्याचा नवा हॅश जुन्याने पुसला जाऊ नये म्हणून ती आहे. एका हॅशला पाव सेकंद धरला तर ४० हजारांना १० हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात.

सकाळी फोन येतात. ‘कालपर्यंत चालत होता, आज पासवर्ड चुकीचा म्हणतो!’ बऱ्याचदा सभासद खरे बोलत असतो. जुना प्रोग्राम पासवर्डची तुलना डेटाबेसकडूनच करून घेत होता, आणि मायएसक्यूएलच्या नेहमीच्या मांडणीत `Ganpati@12` आणि `ganpati@12` एकच ठरतात. हॅशला मात्र लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो. त्यासाठी तपासणी सैल करू नये, पासवर्ड नव्याने ठेवण्याची लिंक पाठवावी. मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक गोम: बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट पाहते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना-मात्रा धरून २४ चिन्हांपुढचे सगळे वाया.

रिकामा हॅश एकही उरला नाही की लॉगिनमधली जुनी वाट बंद करून `password` रकाना काढून टाकायचा. नेमके इथेच कंटाळा केला जातो. त्याचा सर्वांत मोठा धडा ‘ॲशली मॅडिसन’ने दिला. २०१५मध्ये त्यांचा डेटा फुटला तेव्हा पासवर्ड बीक्रिप्टमध्ये, कष्टांक १२ ठेवून, चोख साठवलेले होते. पण शेजारच्या एका लॉगिन-कीच्या रकान्यात, दीड कोटी खात्यांबाबत, त्याच पासवर्डवरून काढलेला एमडी५ राहून गेला होता. ‘सायनोशुअर प्राइम’ या गटाने बीक्रिप्टशी झुंजण्याऐवजी तो धरला आणि साधारण दहा दिवसांत १ कोटी १० लाखांहून अधिक पासवर्ड काढले.

रकाना गेला तरी मजकूर इतरत्र उरतो. जुने बॅकअप, चाचणीसाठी काढलेली प्रत, कुणीतरी बनवलेली एक्सेल फाइल. मायएसक्यूएलचा बायनरी लॉग तर अनेकदा बदलण्याआधीची पूर्ण ओळही नोंदवतो, म्हणजे उघडा पासवर्ड पुसण्याची क्रियाच त्याची आणखी एक प्रत तयार करते. नव्या मायएसक्यूएलमध्ये हे लॉग एरवी ३० दिवस राहतात. आणि प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदी? मे २०१८मध्ये ट्विटरने सगळ्या वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितले, कारण हॅश होण्याआधीच ते अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. हॅश अगदी योग्य होता, गळती त्याच्या एक पायरी आधी होती.

ते तपासायला एक बनावट खाते पुरते. त्याला `Zqx-jambhul-7741`सारखा दुसरीकडे कुठेच न सापडणारा पासवर्ड द्यायचा, एकदा बरोबर आणि एकदा मुद्दाम एक अक्षर वाढवून लॉगिन करायचे, मग सर्व्हरवरच्या नोंदींत आणि डेटाबेसच्या ताज्या बॅकअपमध्ये तो शोधायचा:

```
grep -rn "Zqx-jambhul-7741" /var/log /backup
```

बॅकअप दाबलेल्या स्वरूपात असतील तर आधी उलगडून घ्यावेत, नाहीतर हा शोध त्यांच्या आत पाहतच नाही.