स्लाइडवरची सरकलेली रेघ

प्रथम वर्ष वाणिज्यच्या मुलांच्या मोबाइलमध्ये हा फोटो हमखास असतो. उतरती रेघ D म्हणजे मागणी, चढती S म्हणजे पुरवठा, दोघी छेदतात तो बिंदू E, आणि D च्या डावीकडे तिला समांतर D1. फोटो तिरपा आलेला असतो, म्हणून रेघांचा उतार त्यावरून मोजायला जाऊ नये. आधी अक्ष पाहावेत. किंमत उभ्या अक्षावर असते, नग आडव्या. गणिताच्या सवयीला हे उलटे वाटते, पण मार्शलपासून अर्थशास्त्रात असेच चालत आले आहे.

आता D ची D1 का झाली? ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावच्या लिलावात बोली लावणाऱ्यांपैकी निर्यातदार बाजूला झाले. भाव तोच असला तरी घेणारे घटले, म्हणून अख्खी रेघ डावीकडे सरकली.

समजण्यापुरते आकडे घेऊ. २,५०० रुपये क्विंटलला मागणी ५० हजार क्विंटल आणि पुरवठाही तेवढाच, हा समतोल. बंदीमुळे प्रत्येक भावाला मागणी २० हजारांनी घटली. जुन्या भावाला आता ३० हजारच उठाव, पण माल ५० हजार. माल पडून राहतो, भाव उतरू लागतो. उतरत्या भावात देशातले गिऱ्हाईक थोडे जास्त घेते, शेतकरी थोडा माल मागे ठेवतो, आणि २,००० रुपयांना दोन्ही बाजू ४० हजारांवर भेटतात. मागणी वीस हजारांनी सरकली, विक्री मात्र दहाच हजारांनी घटली.

परीक्षेत गुण जातात ते इथेच. D वरून D1 वर जाणे हा मागणीतील ऱ्हास. मग भाव उतरल्यावर D1 वरूनच ३० चे ४० हजार होणे हा मागणीचा विस्तार. पुरवठ्याची रेघ तर हललीच नाही, तिच्यावरचा बिंदू फक्त खाली आला. ती रेघ सरकायला अवकाळी पाऊस लागतो.

स्लाइड एक गोष्ट मात्र लपवते. डिसेंबरचा लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. तो मागे ठेवायचा कुठे? अशा वेळी S जवळजवळ उभी होते. ५० हजार क्विंटल विकावाच लागला, तर आपल्याच आकड्यांत भाव २,००० वर न थांबता १,५०० पर्यंत घसरतो. बंदी तीच, पण फटका दुप्पट.

४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. वहीत D2 काढायची असेल, तर ती D1 च्या उजवीकडे पण D च्या अलीकडे काढा.