गढूळ पाझर

मातीच्या प्रत्येक धरणातून पाणी झिरपतेच. पाझर स्वच्छ असेल आणि वाढत नसेल, तर सहसा घाबरायचे कारण नसते. तो गढूळ झाला, की आतली माती वाहून चालली आहे.

हा धोका अभियंते आधी कागदावर जोखतात. पाण्याच्या वाटा दाखवणाऱ्या रेषा आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या समान पाणीशीर्षाच्या रेषा मिळून प्रवाहजाळे होते. समजा, दोन्ही बाजूंच्या पाणीपातळीत २० मीटरचा फरक आहे आणि जाळ्यात १० टप्पे पडले, तर प्रत्येक टप्प्यात २ मीटर शीर्ष खर्च होते. पायथ्याशी, पाणी वर येते तिथला शेवटचा चौकोनही २ मीटरचाच असेल, तर उतार १ भरतो. साधारण एवढ्यावर वाळूचे कण उचलले जातात आणि पायथ्याकडून जलाशयाच्या दिशेने पोकळ वाट कोरली जाऊ शकते. हेच पायपिंग.

जाळे भेगा मात्र दाखवत नाही. अमेरिकेत आयडाहोतील टेटन धरणाखालचा खडक भेगाळलेला होता, गाभ्यात सहज धुपणारी बारीक माती होती आणि दोहोंमध्ये ती अडवणारा वाळूचा गाळणथर नव्हता. पहिल्यांदाच भरताना, ३ जून १९७६ रोजी, खालच्या बाजूला स्वच्छ झरे दिसले. ५ जूनला सकाळी गढूळ पाणी आले. भोक बुजवायला गेलेले दोन बुलडोझर त्यातच गेले. दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटले. ११ जण दगावले.