ॲपवर मन हलकं होतं. पण नवव्या प्रश्नाला माणूसच हवा

महाड : रात्रपाळी करून सकाळी खोलीवर आलेल्या कामगाराला झोप लागत नाही. घरी सांगावं तर बायको घाबरेल, सोबत्यांना सांगावं तर चेष्टा होईल. मग हातातल्या मोबाईलवरच तो मनातलं लिहितो. महाड औद्योगिक वसाहतीत काय किंवा पोलादपूरच्या वाडीत काय, मोबाईल सगळीकडे पोहोचला आहे. मनाच्या त्रासावर गप्पा मारणारी ॲपही त्यावर मिळतात. त्यांचा उपयोग किती आणि ती कुठे बंद करून माणसाला फोन करायचा, हे समजून घ्यायला हवे.

अशी बरीच ॲप सुरुवातीला नऊ प्रश्न विचारतात. डॉक्टरही हीच प्रश्नावली वापरतात, तिचे नाव PHQ-9. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कामातले लक्ष कसे होते, असे ते प्रश्न असतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त 27. जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त. पाच ते नऊ गुण म्हणजे सौम्य त्रास. दहा किंवा त्याहून जास्त झाले तर डॉक्टरांना दाखवावे.

ॲपने फरक पडतो का? बंगळुरूत तयार झालेल्या ‘वायसा’ या ॲपचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उदास वाटणारे 129 जण होते. ॲप जास्त वापरणाऱ्यांचे गुण सरासरी 5.84 ने उतरले, कमी वापरणाऱ्यांचे 3.52 ने. म्हणजे थोडा फायदा दिसला. पण ॲप अजिबात न वापरणारे लोक तुलनेला नव्हते, त्यामुळे तो फायदा ॲपचाच, असे छातीठोक म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या डार्टमाउथ विद्यापीठाने 2025 मध्ये ‘थेराबॉट’ची चाचणी प्रसिद्ध केली. 210 जणांच्या या चाचणीत तुलनेला वेगळा गट होता. आठ आठवड्यांनंतर थेराबॉट वापरणाऱ्यांमधील डिप्रेशनची लक्षणे सरासरी निम्म्याने कमी झाली. मात्र तिथे संभाषणांवर माणसांची नजर होती आणि धोका दिसला की ती मध्ये पडत होती. आपण बाजारातले ॲप उघडतो तेव्हा पलीकडे असे कोणी बसलेले असेलच असे नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका कंत्राटी कामगाराने हे नऊ प्रश्न भरले. झोपेला तीन, थकव्याला दोन, कामात रस नाही याला एक, भुकेला एक. झाले सात. नववा प्रश्न असतो, ‘मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असं वाटलं का?’ तिथे त्याने ‘काही दिवस’ असे उत्तर दिले, त्याचा एक गुण. एकूण आठ, म्हणजे हिशेबाने सौम्य त्रास. पण इथे बेरीज बघायचीच नाही. नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय कोणतेही उत्तर आले की ॲपने तिथेच थांबून माणसाचा फोन नंबर दाखवला पाहिजे. ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढेच सांगून ते पुढे जात असेल, तर ते ॲप कामाचे नाही.

ॲपची चूक होते ती बोलण्यातही. 2018 मध्ये बीबीसीने एका मुलावर अत्याचार होत असल्याचा मजकूर लिहून वायसा आणि ‘वोबॉट’ या दोन ॲपची परीक्षा घेतली. दोघांनाही त्यातला धोका ओळखता आला नाही. आपल्याकडे तर माणूस सरळ ‘आत्महत्या’ म्हणत नाही. ‘जीव नकोसा झालाय’, ‘आता सुटलो तर बरं’ असे म्हणतो. घरातल्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळतो, मशीनला कळेलच असे नाही.

म्हणून मरणाचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील, घरात मारहाण होत असेल किंवा दोन आठवडे झोप-जेवण बिघडून काम होत नसेल, तर ॲप बाजूला ठेवा आणि 14416 वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा. ऑक्टोबर 2022 पासून ती सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येते. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतो. साध्या मोबाईलवरूनही फोन लागतो, इंटरनेट लागत नाही.

कोणी आत्ताच जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असेल, तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरातून हलवा आणि 112 ला फोन करा. औषध पोटात गेले असेल तर वाट न बघता 108 ची रुग्णवाहिका बोलवा.