लूझिंग गेलं कुठे?

आमच्या वहिनी घरच्या घरी ब्लाउज शिवतात. गेल्या वर्षी त्यांनी इंटरनेटवरून एका ब्लाउजचा पॅटर्न विकत घेतला. बारा पानांची पीडीएफ होती. ए-फोर कागदावर छापायची, पानं कडेला कडा लावून चिकटवायची आणि त्यावरून कापड कापायचं. प्रिंट जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणल्या. पानं छान जुळली, मुंढ्याची गोलाई कुठे तुटली नाही. ब्लाउज शिवून झाला, हुकही लागले, पण हात वर करायची सोय नव्हती.

माप छाती 36चंच होतं. पॅटर्नमध्ये त्यावर दीड इंच लूझिंग धरलेलं, म्हणजे तयार ब्लाउजचा घेर साडेसदतीस यायला हवा. टेप लावली तर जेमतेम छत्तीस भरला. लूझिंग तेवढं नेमकं गायब! वहिनींना वाटलं, शिलाई जास्त गेली. मग पहिल्या पानाच्या कोपऱ्यातल्या, कुणीच न पाहिलेल्या चौकोनाकडे लक्ष गेलं. त्याच्या आत लिहिलं होतं, ‘10 सेंमी’. पट्टी लावली, तर बाजू भरली 9.6.

दुकानातल्या मुलाची चूक म्हणावी, तर त्याने काळजीच घेतली होती. ‘काकू, पानात पूर्ण बसवून काढलंय, काही कापलं जाणार नाही,’ असं तो म्हणालाही होता. त्याने निवडलेल्या पर्यायाचं नाव Fit. बऱ्याच ठिकाणी तो आधीपासूनच निवडलेला असतो, त्यामुळे आपण काही निवडलंय हेही कळत नाही.

ए-फोर पान ए-फोर कागदावरच छापायचं, तर मग लहान करायचं कारण काय? बहुतेक प्रिंटरना कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. चारही बाजूंना तीन-चार मिलिमीटर जागा कोरी राहते. कागदाची रुंदी 210 मिलिमीटर. दोन्हीकडचे चार-चार सोडले तर उरतात 202. Fit म्हणजे अख्खं पान, त्याच्या कोऱ्या समासासकट, या उरलेल्या जागेत बसवणं. 202 भागिले 210, म्हणजे साधारण 96 टक्के. लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडू नये म्हणून उंचीही तेवढीच घटते. आता साडेसदतीसचे 96 टक्के काढा: छत्तीस.

ही चूक लपून राहते, कारण सगळी पानं सारखीच आक्रसतात. रेघा जुळतात, आकार सुबक दिसतो. पत्र, बिल किंवा लग्नाची यादी अशी छापली तर कुणाचं काही बिघडत नाही. उलट कडेचा मजकूर वाचतो. कागदावरून माप घ्यायचं असेल तिथेच घोटाळा होतो. 35 बाय 45 मिलिमीटरचे पासपोर्ट फोटो पानावर मांडून असे छापले, तर साधारण 34 बाय 43 निघतात. मूळ फाइल अमेरिकेतल्या लेटर आकाराची असेल तर आणखी वाईट. तो कागद ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे माप 94 टक्क्यांच्याही खाली जातं.

पडद्यावर पट्टी धरून खात्री करायला जाऊ नका. तिथले शंभर टक्के हे पडद्याच्या आकारावर आणि बारकाईवर ठरतात. एकच चौकोन दोन कॉम्प्युटरवर दोन मापांचा दिसू शकतो.

उपाय छापण्याच्या खिडकीतच आहे. अ‍ॅडोबी रीडरमध्ये Fit ऐवजी Actual size निवडायचं. क्रोममध्ये More settings उघडून Scale समोर Custom निवडायचं आणि 100 लिहायचं. एवढं करूनही चौकोन लहान आला, तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पान लहान करण्याचा वेगळा पर्याय चालू आहे का ते पाहा. खऱ्या मापात छापलं की कडेचे तीन-चार मिलिमीटर कोरे राहणारच. पॅटर्न करणाऱ्याने समास सोडलेला असेल तर काही हरवत नाही. रेघ अगदी कडेपर्यंत नेली असेल तर ती तुटते, आणि मग जोडताना हाताने पुरी करावी लागते.

वहिनींनी दुसऱ्या खेपेला बाराही पानं एकदम काढली नाहीत. चौकोनाचं एकच पान आधी छापून घेतलं, दुकानातच स्टीलच्या पट्टीने मोजलं, 10 भरल्यावर बाकीची अकरा त्याच मशीनवर, सेटिंग न बदलता काढायला सांगितली. तुम्हीही दुकानात फाइल पाठवाल तेव्हा ‘अ‍ॅक्च्युअल साइजमध्ये काढा’ एवढं सांगा, आणि पट्टी सोबत न्या. एका प्रिंटचे पैसे जातील, ब्लाउजपीस वाचेल.